मित्राचा अर्ज आणि वहिनींचे कोरे चेक

ते पत्र दुपारच्या डाकेने आले. आमचे शाखा व्यवस्थापक अस्सल लखनवी गृहस्थ होते. हातातला कागद टेबलावर ठेवतानाही तो पेश केल्यासारखा ठेवीत. त्यांनी लिफाफा माझ्यासमोर सरकवला आणि म्हणाले, "लीजिए पेशवा साहब, आपके मुल्क का आदमी परदेस से याद कर रहा है."

बँकेत मला ‘पेशवा साहब’ म्हणत. मी मराठी होतो आणि हळू बोलत असे, एवढेच त्यामागचे कारण. आवाज न चढवणारा पेशवा त्यांना विनोदी वाटत असावा. मी हसलो. मग लिफाफ्यावरचे अक्षर पाहिले आणि माझे हसू गेले.

ते माझ्या मित्राचे अक्षर होते. मानक नगरला रेल्वेत अभियंता असलेला हा मित्र माझ्याच वयाचा. तो अमरावतीचा, मी सांगलीकडचा. दोघेही नोकरीच्या निमित्ताने लखनौला आलो आणि इथेच पन्नाशी गाठली. मराठी मंडळाच्या गणपतीत तो आरती खड्या आवाजात म्हणे आणि मी टाळ वाजवी. काही महिन्यांपूर्वी त्याने रेल्वेतून मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि क्वालालंपूरला एका खाजगी कंपनीत नोकरी धरली. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मुलीची बारावी होईपर्यंत इथेच राहणार होत्या.

पत्र इंग्रजीत, टंकलिखित आणि मोजक्या वाक्यांचे होते. शाखा व्यवस्थापकांना उद्देशून त्याने कळवले होते की, आपण नोकरीसाठी परदेशी वास्तव्यास गेलो असून आपले बचत खाते अनिवासी भारतीयाचे म्हणून बदलून मिळावे. पुढची मागणी अशी होती की, खाते अशा प्रकारचे करावे ज्यातली रक्कम पुढे परदेशीही नेता येईल आणि ज्याच्या व्याजावर कर लागणार नाही. खाली सही. सोबत पारपत्राची एक छायाप्रत.

ते मी दोनदा वाचले. माझ्यासाठी त्यात एकही शब्द नव्हता. या शाखेत अशी पत्रे माझ्याच टेबलावर येतात हे त्याला पक्के ठाऊक होते. कोपऱ्यात शाईने ‘कसा आहेस?’ एवढे लिहायलाही जागा होती. वाईट वाटले, असे मी त्या वेळी स्वतःला सांगितले. तो शब्द सोयीचा होता. खरे तर मला हेवा वाटत होता, आणि त्याला वाइटाचे कपडे घातले की तो चारचौघांत नेता येतो.

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने मान लांब केली. "भाई साहब, टिकट मुझे दे दीजिएगा. बिटिया जमा करती है."

तिकिटावर रंगीत पक्षी होता. मी ते कात्रीने नीट कापून त्याला दिले. तिकीट गेल्याने बरे वाटावे इतका मी त्या क्षणी लहान झालो होतो.

हा हेवा जुना होता. दरवर्षी जूनमध्ये आम्ही दोघे त्याच्या स्कूटरवरून मलिहाबादला दशहरी आणायला जात असू. बागवानाशी घासाघीस मी करी आणि आंबे तो निवडी. घरी पेटी उघडली की त्याचे आंबे आधी पिकत आणि एकही डागी निघत नसे. माझ्या पेटीत मात्र तळाला काहीतरी नासलेले असेच. "अरे, हाताला कळतं," तो म्हणे. त्याच्या हाताला सगळेच कळत असे. पदोन्नती, बदली टाळणे, मुलीसाठी योग्य शिकवणी, गोमती नगरमधला भूखंड. कशासाठीही त्याला धावताना मी पाहिले नाही. तो हात पुढे करी आणि वस्तू पिकलेली असे.

मलाही एकदा संधी आली होती. परदेशातल्या शाखांसाठी अधिकारी हवेत, इच्छुकांनी नावे द्यावीत, असे परिपत्रक आले. माझी पात्रता होती. नाव दिले नाही. आईची तब्येत बरी नसते, असे घरी आणि बँकेत सांगितले. आईची तब्येत खरोखर बरी नसे. पण मुलाखतीत इंग्रजी बोलताना माझी जीभ अडखळेल या भीतीने मी नाव दिले नव्हते, आणि आईचे आजारपण मी त्या भीतीपुढे पडद्यासारखे ओढून घेतले होते. मित्राच्या निरोपाच्या जेवणात कुणीतरी म्हणाले, "या वयात एवढी हिंमत!" तेव्हा मी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवल्या.

असो. पत्र कामाचे होते आणि काम मला येत होते.

भारतात राहणारा माणूस नोकरीसाठी देशाबाहेर गेला की परकीय चलनाच्या कायद्यानुसार तो अनिवासी ठरतो, आणि त्याचे इथले साधे खाते तसेच चालू ठेवता येत नाही. त्याने बँकेला कळवायचे आणि बँकेने ते खाते अनिवासी म्हणून नव्याने नोंदवायचे. वास्तविक हे त्याने जातानाच कळवायला हवे होते. परंतु जुन्या खात्याचे फक्त साधे अनिवासी खाते होऊ शकते. त्यातली शिल्लक इथल्या कमाईची असते, ती परदेशी नेता येत नाही, आणि व्याजातून कर कापूनच दिला जातो. बाहेर नेता येणारे, करमुक्त व्याजाचे खाते वेगळे असते. ते परदेशातून पैसे पाठवून नव्याने उघडावे लागते. म्हणजे मित्राने मागितले होते ते मिळणार नव्हते. ही चूक बाहेर जाणारे बहुतेक जण करतात, पण त्याने ती करावी याचा मला जो आनंद झाला, तो त्या चुकीच्या मानाने फारच मोठा होता. त्याच्या हाताला हे कळले नव्हते.

शिवाय कागदही अपुरे होते. पारपत्राची प्रत साक्षांकित नव्हती आणि परदेशातल्या नोकरीच्या परवान्याची प्रत जोडलेलीच नव्हती. मी पेन्सिलीने समासात खुणा केल्या. मग खातेवही उघडून त्याच्या खात्याचे पान काढले.

तिथे मी थांबलो.

तो गेल्यापासून त्या पानावर दर आठवड्याला चेकने पैसे निघत होते. ते चेक मी स्वतः पास केले होते, त्यामुळे मला नवे काहीच दिसत नव्हते. तरीही मी ते पहिल्यांदा पाहत असल्यासारखा पाहत राहिलो. चेकवरची सही मित्राची असे आणि तारीख, रक्कम, नाव वहिनींच्या अक्षरात. खाते एकट्याच्या नावावर होते. जाण्यापूर्वी त्याने चेकबुकाच्या साऱ्या पानांवर सह्या करून ते वहिनींच्या हाती दिले होते. लष्करातली, वायुदलातली, फिरतीवरची कितीतरी मराठी माणसे असेच करीत. बायकोचे नाव खात्यात घालायचे तर तिला बँकेत आणा, फॉर्म भरा, फोटो काढा. त्यापेक्षा एका संध्याकाळी बसून सह्या केल्या की झाले. सही खरी असल्याने बँकेचीही हरकत नसे.

आता खाते अनिवासी झाले की जुना खाते क्रमांक बंद होणार, जुने चेकबुक परत मागवून रद्द होणार आणि नवे चेकबुक खातेदाराच्या, म्हणजे क्वालालंपूरच्या, पत्त्यावर जाणार. वहिनींच्या कपाटातली सही केलेली पाने त्या दिवशी रद्दी होणार. घरभाडे, दूध, गॅस, मुलीची शिकवणी, सगळे त्या पानांवर चालले होते. लखनौत त्यांना दुसरे उत्पन्न नव्हते. नवऱ्याने नियम पाळायला घेतला होता आणि त्या नियमाने त्याचेच घर अडणार होते. त्याच्या ते ध्यानात आलेले नव्हते.

उपाय सोपा होता. अर्जासोबत त्याने वहिनींना इथले स्थानिक खर्च करण्यापुरते खाते चालवण्याचे अधिकारपत्र द्यायचे, किंवा त्यांचे नाव सहखातेदार म्हणून घालायचे. साध्या अनिवासी खात्यात दोन्ही चालत असे. फक्त त्याला हे कुणीतरी सांगायला हवे होते.

मी उत्तराचा मसुदा लिहायला घेतला. नोकरीच्या परवान्याची प्रत पाठवावी. प्रती तिथल्या भारतीय उच्चायुक्तालयाकडून साक्षांकित कराव्यात. मागितलेल्या प्रकारात हे खाते रूपांतरित होऊ शकत नाही. जुने चेकबुक परत करावे. आपला विश्वासू. एवढेच. प्रत्येक वाक्य बरोबर होते. मसुद्यात चूक काढू शकेल असा अधिकारी साऱ्या विभागात नव्हता. आणि वहिनींना सांगावे म्हटले तर खाते त्यांचे नव्हते. खातेदाराच्या व्यवहाराविषयी त्याच्या पत्नीशीही बोलू नये हा बँकेचा पहिला धडा. माझ्या गप्प राहण्याला इतके भक्कम कारण पूर्वी कधी मिळाले नव्हते.

मसुदा टंकनाला दिला आणि घरी आलो.

संध्याकाळी पत्नी भाजी निवडत होती. खातेदाराचे नाव मी घरी काढत नसे, पण मलेशियाचे तिकीट मी सहकाऱ्याला दिल्याचे सांगितले. तिला बाकीचे सांगावे लागले नाही.

"काय लिहिलंय?"

"बँकेचं काम आहे."

"तुम्हाला काय लिहिलंय?"

"मला काही नाही."

तिने मेथीची जुडी सोडली. "मग चेहरा का असा? पत्र नाही आलं म्हणून, की तो तिथे आहे म्हणून?"

"तुझं आपलं काहीतरीच."

"अहो, जळताय तर जळा. घरात तरी सांगून जळा. परवा मंडळात वहिनी भेटल्या होत्या. बाजारात एक साडी आवडली त्यांना. म्हणाल्या, चेकची पानं जपून वापरते. एक चुकलं तर दुसरं सही करून मिळायचं नाही. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या इंजिनिअरची बायको आणि रेशनसारखे चेक!"

मी म्हणालो, "सही आहे ना त्यांच्याकडे."

"हां, सही आहे. नवरा नाही आणि स्वतःची सही पण नाही." मग तिने हिंदीतून मुलाला हाक मारली, "बेटा, ज़रा नमक देना," आणि विषय तिथेच राहिला. मुलाने मीठ आणून ठेवले आणि विचारले, "पापा, अंकल मलेशिया में कार ले लिए क्या?" मी वर्तमानपत्र उघडले.

दुसऱ्या दिवशी टंकलेले उत्तर सहीसाठी व्यवस्थापकांच्या टेबलावर जाणार, तोच वहिनी शाखेत आल्या. काउंटरवर चेक देऊन त्या टोकनाचा पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसतील असे मला वाटले. त्या सरळ माझ्याकडे आल्या.

"भाऊजी, बसू का?"

"बसा ना, वहिनी."

त्यांनी पर्स मांडीवर ठेवली आणि ती दोन्ही हातांनी धरली. "ह्यांचा फोन आला होता. म्हणाले बँकेला पत्र टाकलंय, खातं फॉरेनवाल्याचं करायला. आलं का?"

मी म्हणालो, "वहिनी, खात्याबद्दल मला बोलता येत नाही. खाते त्याचे आहे."

"बरं. मग माझ्याबद्दल बोला." त्यांनी पर्समधून चेकबुक काढून टेबलावर ठेवले. "हे माझ्याकडे आहे. हे चालेल का पुढे?"

त्या बाई माझ्याकडे पाहत होत्या आणि टंकलेले उत्तर आमच्या दोघांच्या मध्ये, पेपरवेटखाली होते. मी ते उलटे करून ठेवले. आजही ती हालचाल माझ्या हाताला आठवते. उत्तर आदल्या संध्याकाळीच डाकेत पडले असते तर मी त्यांच्याशी काय बोललो असतो, याचा मी विचार केला आहे. बहुधा नियमच सांगितला असता, हळू आवाजात.

"मी कुणा एकाचं सांगत नाही," मी म्हणालो, "नियम सांगतो. माणूस परदेशी राहायला गेला आणि त्याचं खातं अनिवासी झालं, की जुने चेक रद्द होतात. सही केलेले असले तरी."

"म्हणजे हे रद्दी."

"हो."

"आणि नवीन?"

"खातेदाराच्या पत्त्यावर जातात."

वहिनींनी चेकबुकाची उरलेली पाने अंगठ्याने चाळली. माझी अपेक्षा होती की त्या घाबरतील, आणि मग मला त्यांना धीर देता येईल. मित्राच्या चुकीतून मित्राच्या बायकोला मी सोडवले, अशी एक गोष्ट मनातल्या मनात तयारही झाली होती. पण त्या हसल्या.

"बरं झालं."

"बरं?"

"भाऊजी, हे चेक म्हणजे गॅसचा सिलिंडर भरून ठेवून गेल्यासारखं आहे. संपेपर्यंत मी स्वयंपाक करायचा. दर वेळी पान फाडताना ह्यांची सही बघते. ते तिथे बसून मला बाजारात पाठवतायत असं वाटतं. तिथं उंच बिल्डिंगमध्ये राहतात, रविवारी समुद्रावर जातात. फोनवर विचारतात, तुझं कसं चाललंय? मी म्हणते, तुमच्या सहीवर चाललंय." त्यांनी आवाज खाली आणला. "खरं सांगू? मला राग नाही. मला जळायला होतं. आम्ही दोघं एकाच घरातून निघालो ना? मग ते एकटे पुढे कसे गेले?"

माझ्या मनातले वाक्य मराठीत, वऱ्हाडी हेल काढून, माझ्या टेबलापलीकडून दुसरेच कुणी बोलत होते. हेवा ही माझी एकट्याची खोली आहे असे मी समजत होतो. तिथे या बाई माझ्या आधीपासून बसल्या होत्या.

"मला काय करता येईल ते सांगा," त्या म्हणाल्या. "नियम."

मी दोन्ही मार्ग सांगितले. अधिकारपत्र दिले तर त्या त्याच्या वतीने इथले खर्च करू शकतील. खाते मात्र त्याचेच राहील. सहखातेदार झाल्या तर खात्यावर त्यांचेही नाव येईल आणि दोघांपैकी कुणीही सही करू शकेल. दोन्हीसाठी मागणी त्यानेच लेखी करावी लागेल. सहखातेदाराला फॉर्म भरून, फोटो देऊन, नमुन्याच्या कार्डावर सही करावी लागेल.

"वतीने नको," वहिनी म्हणाल्या. "वतीने तर आताही करतेच आहे. नाव घाला."

"ते त्याने लिहायला हवं."

"मी लिहवून घेते." त्या उठल्या. मग पुन्हा बसल्या. "भाऊजी, ते हो म्हणतील का?"

मला स्वतःशी प्रामाणिक राहायचे तर लिहिले पाहिजे, की त्या क्षणी तो नाही म्हणावा असे मला वाटले. तो नाही म्हणाला असता तर मला त्याच्यापेक्षा बरा माणूस होता आले असते. "विचारून पाहा," मी म्हणालो.

त्या गेल्यावर टंकलेले उत्तर मी फाडले आणि नवे लिहिले. कागदपत्रांची मागणी तीच ठेवली. खाली एक परिच्छेद घातला. आपल्या सध्याच्या चेकबुकाचा वापर रूपांतरानंतर थांबेल. आपल्या गैरहजेरीत येथील खर्चासाठी खाते दुसऱ्या व्यक्तीने चालवावे अशी इच्छा असल्यास तसे अधिकारपत्र किंवा सहखातेदार जोडण्याची मागणी याच अर्जासोबत पाठवावी, म्हणजे दोन्ही एकाच दिवशी करता येईल. व्यवस्थापकांनी सही करण्याआधी वाचले.

"पेशवा साहब, यह पैराग्राफ़ तो क़ायदे में नहीं माँगा जाता."

"नहीं माँगा जाता, साहब."

"मना भी नहीं है." त्यांनी सही केली. "आपके यहाँ की औरतें सीधे बात करती हैं, मैंने देखा. हमारे यहाँ तो मिज़ाज पूछते-पूछते बैंक बंद हो जाए."

चार-पाच दिवसांनी वहिनी पुन्हा आल्या. चेहऱ्यावर एक विचित्र नाराजी होती.

"काय झालं? नाही म्हणाला?"

"हो म्हणाले!" त्यांनी जणू तक्रार केली. "मी चौकातल्या बूथवर गेले होते ह्यांना फोन करायला. मागे चार माणसं उभी, मीटर पळतोय. मी भांडायची तयारी करून गेले होते. म्हटलं, माझं नाव घालायचं आहे, वतीने बितीने चालणार नाही. तर हसले. म्हणाले, अगं, त्यात काय, आधीच नाही का सांगायचं! आजच लिहितो." त्या माझ्याकडे पाहून थांबल्या. "इतकी वर्षं मी मागितलंच नाही म्हणून नव्हतं, असं झालं ना हे? मग बूथवाला म्हणाला, भाभीजी, लाइन में लोग हैं. मी पैसे दिले आणि आले."

मी म्हणालो, "असाच आहे तो."

"असाच आहे म्हणूनच तर!" त्या म्हणाल्या.

आम्ही दोघेही हसलो. त्या हसण्यात मित्राविषयी प्रेम होते, हे मी नाकारत नाही. पण ज्याचा हेवा करावा त्याने मनाने उदारही असावे, हा एक वेगळाच अन्याय असतो. कंजूष निघाला असता तर आमचे बरेच काम हलके झाले असते.

कागद आले. साक्षांकित प्रती, नोकरीचा परवाना, अर्ज आणि सहखातेदाराची मागणी, सगळे जागच्या जागी. करमुक्त व्याजाच्या खात्याविषयी त्याने लिहिले होते, ‘माझी समजूत चुकीची होती, तिथून पैसे पाठवून ते वेगळे उघडीन.’ चूक कबूल करणेही त्याला सहज जमत असे. याही खेपेला पत्र व्यवस्थापकांना होते. माझ्यासाठी त्यात काही नव्हते. मी कोपऱ्यात पाहिले, मागच्या बाजूलाही पाहिले.

वहिनींना बोलावले. त्या फोटो घेऊन आल्या. कपाळावर नेहमीपेक्षा मोठे कुंकू होते आणि साडी नवी होती. ती बाजारातली असेल का, हे मी विचारले नाही. फॉर्म भरून झाला. नमुन्याचे कार्ड पुढे केले तेव्हा त्यांनी पेन उचलले आणि धरून ठेवले.

"मराठीत करू की इंग्रजीत?"

"तुम्हाला हवी तशी. मात्र पुढे नेहमी तशीच करावी लागेल."

त्यांनी देवनागरीत सही केली. कार्डाकडे पाहिले. "ही नाही आवडली. दुसरं कार्ड मिळेल?"

शेजारचा सहकारी म्हणाला, "भाभीजी, दस्तख़त है, फोटो थोड़े ही है."

"भैया, रोज़-रोज़ थोड़े ही करनी है पहली बार," वहिनी म्हणाल्या. मी दुसरे कार्ड दिले. दुसऱ्या सहीच्या शेवटी त्यांनी एक रेघ ओढली, जरा लांब, आणि तिच्याखाली दोन ठिपके दिले. हे त्या घरी करून पाहून आल्या होत्या, हे स्पष्ट होते.

मग त्यांनी जुने चेकबुक परत केले. उरलेली पाने रद्द करणे माझे काम होते. कोऱ्या पानावर आडव्या रेघा मारून ‘रद्द’ लिहायचे आणि सहीचा भाग फाडायचा. मित्राची सही प्रत्येक पानावर तशीच होती, अडखळलेली एकही नाही. त्याने त्या संध्याकाळी घरात बसून, बहुधा चहा घेत, निर्धास्तपणे त्या केल्या असतील. मी एकेक सही फाडत गेलो. कामाच्या नावाखाली मला ते आवडत होते. दोन-तीन पानांनंतर वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे, एक तरी मला फाडू द्या," आणि मग दोघांनाही आपण काय करतो आहोत ते कळले. त्यांनी हात मागे घेतला. बाकीची पाने मी बँकेच्या माणसाला शोभेल तशा वेगाने रद्द केली.

त्याच दिवशी खाते अनिवासी खात्यांच्या वहीत गेले. पानाच्या माथ्यावर लाल शाईने तसा शेरा आला, दोन नावे आली आणि पुढच्या व्याजातून कर कापण्याची नोंद झाली. नवे चेकबुक वहिनींनी तिथेच सही करून घेतले. घर अडले नाही, एक आठवडाही नाही. मी मित्राला काम पूर्ण झाल्याचे बँकेचे पत्र तयार केले. त्याच्याही कोपऱ्यात जागा होती. मी पेन हातात घेऊन बराच वेळ बसलो. त्याने आधी लिहायला हवे होते, हे कारण माझ्याजवळ तयार होते, आणि ते मला आवडेनासे झाले होते. शेवटी शाईने लिहिले, ‘वहिनींची सही सुरेख आहे. तू पाहिली आहेस का?’ व्यवस्थापकांनी ते वाचले आणि शिक्का त्या ओळीवर येणार नाही अशा बेताने उमटवला.

पुढच्या सोमवारी वहिनींचा पहिला चेक माझ्याकडे पास होण्यासाठी आला. किराणावाल्याच्या नावाचा होता. नियमाप्रमाणे मी कार्ड काढून सही ताडून पाहिली. चेकवरची रेघ कार्डावरच्यापेक्षा लांब होती आणि ठिपके जरा जोरात पडले होते. ती त्यांचीच सही होती, यात शंका नव्हती. मी ती हवी त्यापेक्षा अधिक वेळ पाहिली. मित्राच्या पत्रांकडे पाहताना जी कळ उठे तीच उठली, फक्त या वेळी ती मलेशियाकडे गेली नाही. मानक नगरात, एका भाड्याच्या घरात, बारावीतल्या मुलीची आई होती, आणि तिला हवे होते ते तिने तोंडाने मागून मिळवले होते. मी चेकवर आद्याक्षरे केली आणि तो रोखपालाकडे सरकवला.